दहावीनंतरची विद्याधन शिष्यवृत्ती: मला कशी मिळाली आणि तुम्ही अर्ज कसा करायचा

बारावीनंतरच्या शिक्षणासाठीही माझी विद्याधन शिष्यवृत्ती पुढे सुरू राहणार, असं नुकतंच कळलं. अकरावी-बारावीची दोन वर्षं याच पैशांवर निभावली. आता अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि या टप्प्यावर माझ्या शिक्षणाचा भार एका देणगीदार दांपत्याने उचलला आहे. त्यांची नि माझी प्रत्यक्ष भेट झालेली नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी वसतिगृहात राहून शिकू शकते, हे त्यांच्यामुळे शक्य झालं. त्यांचे आणि ही शिष्यवृत्ती चालवणाऱ्या फाउंडेशनमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते.

आमच्या शाळेत माझ्या वर्षी या शिष्यवृत्तीला पात्र ठरतील अशा बऱ्याच मुली होत्या. अर्ज मोजक्याच जणींनी केला आणि त्यातलेही काही कागदपत्रांपायी अपुरे राहिले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. तुम्ही यंदा दहावीला असाल, किंवा घरात कुणी दहावीला असेल, तर ते नीट वाचा.

१. आधी पाहा, ही शिष्यवृत्ती तुमच्यासाठी आहे का

विद्याधन हा सरोजिनी दामोदरन फाउंडेशनचा कार्यक्रम. इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक एस. डी. शिबुलाल आणि कुमारी शिबुलाल यांनी १९९९ मध्ये केरळात तो सुरू केला. आता तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांत चालतो. ही सरकारी योजना नाही, त्यामुळे महाडीबीटीवर शोधलीत तर सापडणार नाही. अर्ज फक्त vidyadhan.org या संकेतस्थळावर होतो.

मुख्य अटी दोन. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांपेक्षा कमी हवं आणि त्याच वर्षी दहावी उत्तीर्ण झालेलं असायला हवं. गुणांची अट राज्यानुसार ठरते. आपल्याकडे मी अर्ज केला तेव्हा ती ८५ टक्के होती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ७५ टक्के. अट आणि शेवटची तारीख दरवर्षी संकेतस्थळावर जाहीर होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जाहिरात पुष्कळदा मागच्या वर्षीची असते, तेव्हा तारीख संकेतस्थळावरच बघा.

अकरावी-बारावीसाठी वर्षाला १०,००० रुपये मिळतात. बारावीनंतर अभ्यासक्रमाप्रमाणे ही रक्कम वर्षाला १०,००० ते ७५,००० रुपयांपर्यंत असू शकते. हा दुसरा टप्पा आपोआप मिळत नाही. पहिली दोन वर्षं तुम्ही अभ्यासात टिकून राहिलात तर तो मिळतो, आणि तेव्हा पैसे फाउंडेशन देतं किंवा बाहेरचे देणगीदार देतात. तेव्हा दहावीनंतर भरलेल्या एका अर्जावर पुढची पाच-सहा वर्षं अवलंबून असू शकतात. तो अर्ज घाईत भरू नका.

आपल्या दहावीच्या टक्केवारीबद्दल एक शंका नेहमी विचारली जाते. बोर्डाच्या गुणपत्रिकेत ५०० पैकी गुण असतात आणि चित्रकला किंवा खेळाचे वाढीव गुण अधिक चिन्हाने पुढे लिहिलेले असतात, जसं ४३८+५. अर्जात गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी जशीच्या तशी भरा. आपण स्वतः हिशेब करून वेगळा आकडा टाकला की कागद आणि अर्ज जुळत नाहीत.

२. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढा

अर्ज अडतात ते बहुतेक याच पायरीवर. विद्याधनला उत्पन्नाचा पुरावा म्हणून सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, म्हणजे आपल्याकडे तहसील कार्यालयाचा. रेशनकार्ड चालत नाही, मग ते पिवळं असलं तरी. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पिवळं कार्ड अपलोड केलं, दाखला वेळेत मिळाला नाही आणि अर्ज तिथेच थांबला. तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते.

एप्रिलच का? दाखल्यावर आर्थिक वर्ष लिहिलेलं असतं. १ एप्रिल उलटला की नुकत्याच संपलेल्या वर्षाचा दाखला काढता येतो आणि साधारणपणे तो पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. जानेवारीत काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये जुना ठरतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मेच्या सुमारास लागतो. मधल्या दिवसांत सेतू केंद्रात गर्दी नसते. निकाल लागला की अकरावी, डिप्लोमा, आयटीआय अशा सगळ्या प्रवेशांची मुलं एकाच वेळी दाखल्यांसाठी येतात, आणि मग पोर्टल मंद आणि रांग लांब.

दाखला असा काढायचा. आधी तलाठ्यांकडे जा (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे). त्यांच्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्या. जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ सोबत ठेवा. घरात कुणी पगारी नोकरीत असेल तर पगारपत्रक किंवा फॉर्म १६ लागतो. मग हा अहवाल, वडिलांचं किंवा आईचं आधार, रेशनकार्ड, फोटो आणि स्वयंघोषणापत्र घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं. घरी इंटरनेट असेल तर aaplesarkar.mahaonline.gov.in वरून स्वतःही अर्ज करता येतो. स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालतं. त्यासाठी स्टॅम्पपेपर आणायला कुणी सांगितलं तर शांतपणे विचारा की तसा नियम कुठे आहे.

अर्ज झाला की पावती घ्या, तिच्यावर अर्ज क्रमांक असतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये झाला. त्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे आणि मुदत उलटली तर अपील करता येतं. अपिलाची वेळ सहसा येत नाही. पावती दाखवून नम्रपणे चौकशी केली की बहुतेकदा काम पुढे सरकतं. पावतीच नसेल तर मात्र "तुमचा अर्ज दिसत नाही" यावर आपल्याकडे उत्तर नसतं.

आता आकड्याबद्दल. "जितकं कमी लिहाल तितकं चांगलं" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. मर्यादा २ लाखांची आहे. तुमचं उत्पन्न खरंच दीड लाख असेल तर तुम्ही पात्रच आहात, ते २१,००० दाखवून काहीही वाढीव मिळत नाही. उलट मुलाखतीत घरखर्च विचारला की तो आकडा टिकत नाही.

आमच्या घरचा हिशेब सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचा मांडता येईल. आमची तीन एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन. बऱ्या वर्षी एकरी सहा क्विंटल, म्हणजे १८ क्विंटल. बाजारात ४,२०० च्या आसपास भाव मिळाला, तर ७५,६०० रुपये. बी, खत, फवारणी, निंदणी, सोंगणी आणि मळणी मिळून एकरी १४,००० खर्च धरा, म्हणजे ४२,००० गेले. हातात ३३,६०० राहिले. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाते. २५० रुपये रोज आणि वर्षाचे साधारण १२० दिवस काम, म्हणजे ३०,०००. बाबा हंगामात मोंढ्यात हमाली करतात, ती ३६,००० च्या घरात जाते. सगळं मिळून लाखाच्या जवळ. तलाठ्यांच्या चौकशीनंतर दाखल्यावर ९६,००० आले. अर्जात मी तोच आकडा भरला. लाख नाही, नव्वद हजार नाही, दाखल्यावर होता तोच.

हा हिशेब एका कागदावर लिहून ठेवा. पुढे मुलाखतीत तो फार उपयोगी पडतो.

३. कागदपत्रं

एवढी जमवा आणि प्रत्येकाची स्वच्छ स्कॅन प्रत मोबाइलमध्ये एका फोल्डरात ठेवा:

- दहावीची गुणपत्रिका. मूळ प्रत शाळेत यायला वेळ लागतो, तोवर ऑनलाइन निकालाची प्रत चालते.
- चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- पासपोर्ट आकाराचा फोटो
- दिव्यांग असाल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
- आधारकार्ड आणि स्वतःच्या नावाचं बँक पासबुक. ही दोन्ही निवड झाल्यावर लागतात, पण आधीच तयार असू द्या.

नावाची गंमत इथे लक्षात घ्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. क्रम बदलल्याने सहसा बिघडत नाही, स्पेलिंग बदललं तर बिघडतं. गुणपत्रिकेवर Vaishnavi आणि आधारवर Vaishanavi असेल तर बँकेत अडवतात. अशा वेळी आधार दुरुस्त करून घ्या, कारण बोर्डाच्या गुणपत्रिकेतली दुरुस्ती शाळेमार्फत होते आणि तिला पुष्कळ दिवस जातात. अर्जात मात्र नेहमी गुणपत्रिकेवरचंच स्पेलिंग लिहा.

स्कॅन करायला दुकानात जायलाच हवं असं नाही. दाखला दारासमोर उजेडात, सपाट पाटावर ठेवा आणि मोबाइल वरून सरळ धरून फोटो काढा. आपली सावली कागदावर पडू देऊ नका. चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि दाखल्यावरचा क्रमांक मोठा करून पाहिला तर वाचता आला पाहिजे. तो अंधुक दिसत असेल तर तपासणाऱ्यालाही अंधुकच दिसणार.

४. ईमेल स्वतःचा, मोबाइल घरचा

नोंदणीला ईमेल लागतो आणि पुढचं सगळं त्या ईमेलवरच येतं. चाचणीची तारीख, मुलाखतीची वेळ, निवडीचं पत्र, सगळं. गावाकडे आपण काय करतो? तालुक्याच्या नेट कॅफेत जातो, तिथला दादा आपल्यासाठी ईमेल उघडतो, त्यात स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, पासवर्ड त्याच्या वहीत. दोन महिन्यांनी मुलाखतीचं बोलावणं येतं आणि ते कुणीच उघडत नाही. आमच्या भागातल्या एका मुलाचं असंच झालं. तो निवडीच्या यादीपर्यंत पोचला होता.

तेव्हा जीमेल खातं घरच्या मोबाइलवर स्वतः उघडा. रिकव्हरीसाठी घरात कायम राहणाराच नंबर द्या. दरवर्षी रिचार्ज संपला की बंद पडणारं सिम नको. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. स्पॅम फोल्डरही आठवड्यातून एकदा तरी बघा.

५. अर्ज भरताना

संकेतस्थळावर नाव, ईमेल आणि पासवर्ड देऊन नोंदणी केली की ईमेलवर खातं सुरू करण्याची लिंक येते. ती उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग लॉगिन करून महाराष्ट्राच्या कार्यक्रमासमोरच्या Apply Now वर जायचं.

माहिती भरून Submit केलं म्हणजे अर्ज झाला, असं अनेकांना वाटतं. कागदपत्रं आणि फोटो अपलोड झाल्याशिवाय अर्ज पूर्ण धरला जात नाही. सगळं अपलोड करून एकदा बाहेर या, पुन्हा लॉगिन करा, आणि अर्ज पूर्ण झाल्याचा संदेश दिसतो का ते पाहा. दिसला की त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

कुटुंबाबद्दल जिथे लिहायचं असतं, तिथे घरी खरंच काय काम चालतं ते सांगा. "वडील शेतकरी" एवढंच लिहिलं तर तीन एकरवाला आणि तीस एकरवाला सारखेच दिसतात. "तीन एकर कोरडवाहू, हंगामात मोंढ्यात हमाली" असं लिहिलं की वाचणाऱ्याला घर कळतं. भावंडं कितवीला आहेत, घरात कुणाचं आजारपण किंवा कर्ज आहे का, तेही थोडक्यात लिहा. दुसरी एखादी शिष्यवृत्ती मिळत असेल तर लपवू नका.

अर्जाला फी नाही. "प्रोसेसिंग फी भरा, तुमचं नाव लागलंय" असा फोन आला किंवा कुणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवा आणि घरी सांगा.

६. चाचणी

गुण आणि अर्जातली माहिती पाहून निवडलेल्या मुलांना एका छोट्या ऑनलाइन चाचणीला बोलावतात. तिच्यासाठी क्लास लावायची गरज नाही. तयारी करायची ती नेटवर्कची. घरात रेंज कुठे टिकते ते आदल्या दिवशी पाहा. आमच्याकडे ती गच्चीवर टिकते. त्या वेळी घरात दुसरा कुणी तोच मोबाइल वापरणार नाही, चार्जिंग पूर्ण असेल आणि भारनियमनाची वेळ आड येणार नाही, एवढं बघा. त्या वेळी मोबाइलवर येणारे फोन बंद करून ठेवा.

७. मुलाखत

हिची भीती सगळ्यांना वाटते. इंग्रजीत बोलावं लागेल का, हा पहिला प्रश्न असतो. माझी मुलाखत मराठीतच झाली. समोरच्या मॅडम फार आपुलकीने बोलत होत्या. त्या आधी घरचं विचारत गेल्या. किती जण, कोण काय करतं, शाळा किती लांब. मग म्हणाल्या, "तुमचं घर महिन्याला किती रुपयांत चालतं गं?"

या प्रश्नाची तयारी बहुतेक मुलं करत नाहीत, आणि उत्पन्नाचा दाखला इथेच तपासला जातो. आईची एक वही आहे, तिच्यात ती किराणा, दळण, गॅस, दवाखाना असं सगळं लिहून ठेवते. मुलाखतीच्या आदल्या रात्री ती वही घेऊन आम्ही दोघी बसलो होतो. मी सांगितलं, साधारण सात हजार. ज्वारी आणि तूर घरची असते, त्यामुळे धान्याचा खर्च कमी. वर्षाचे झाले ८४,०००, उत्पन्न ९६,०००. उरतात त्यातून पेरणीचं बी येतं, आणि पाऊस चुकला तर सोसायटीचं पीककर्ज थकतं. मॅडमनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

समजा, तुमच्या दाखल्यावर ३६,००० आहेत आणि तुम्ही घरखर्च महिन्याला दहा हजार सांगितला. वर्षाचे १,२०,००० कुठून आले, हे विचारणारच. मामा मदत करतात, मोठा भाऊ पुण्यात कामाला आहे, असं काही खरंच असेल तर ते सांगा. तो मदत करणारा भाऊ अर्जात कुठेच नसेल तर मात्र उत्तर अवघड होतं. म्हणून आधीच घरात बसून हिशेब जुळवा. आईला सोबत घ्या, घरचा खरा खर्च तिलाच माहीत असतो.

दुसरा मोठा प्रश्न पुढे काय शिकायचं याचा. "डॉक्टर व्हायचंय, समाजसेवा करायचीय" एवढ्यावर थांबू नका. मी म्हणाले, "सायन्स घेतलंय, गणित जमतं, बारावीनंतर सीईटी देऊन सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय मिळवायचं." त्यांनी विचारलं, "आणि सीईटीत नंबर कमी आला तर?" मी सांगितलं, "बीएस्सी करेन, मग एमएस्सीचं बघेन." कोणती परीक्षा, कोणतं महाविद्यालय, आणि ते नाही झालं तर दुसरा रस्ता कोणता, एवढं तुमच्याकडे असायला हवं. त्यासाठी शाळेतल्या सरांशी किंवा गावातल्या पुढे शिकणाऱ्या ताई-दादाशी अर्धा तास बोललात तरी पुरतं.

जे येत नाही त्याला "मला माहीत नाही, पण विचारून घेईन" म्हणा. गरिबीचं वर्णन वाढवून सांगू नका. घर जसं आहे तसं सांगितलं की पुरेसं असतं.

८. पैसे खात्यात येताना

खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर हवं. दहा वर्षांपुढच्या मुलांचं खातं बँकेत उघडता येतं. इथे दोन गोष्टी सांभाळा.

एक, आयएफएससी कोड. ग्रामीण बँकेचं खातं असेल तर जास्तच. विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचं १ मे २०२५ पासून एकत्रीकरण झालं आहे. जुन्या पासबुकावरचा कोड तोच आहे का, ते शाखेत विचारा आणि पासबुक नव्याने छापून घ्या. मगच कोड द्या.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. अकरावीला खातं उघडताना तुम्ही अल्पवयीन असता. बारावीत किंवा त्याच्या जरा पुढे-मागे अठरा वर्षं पूर्ण होतात. तेव्हा बँकेत जाऊन नव्याने केवायसी आणि सही द्यावी लागते, नाहीतर खात्यावरचे व्यवहार थांबू शकतात. अठरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात आधार, पॅन आणि फोटो घेऊन शाखेत जा. पॅन नसेल तर तसं विचारा, फॉर्म ६० भरून चालतं. खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर तेही निष्क्रिय होतं, म्हणून अधूनमधून शंभर-दोनशेचा व्यवहार करत राहा.

दरवर्षीचा निकाल लागला की गुणपत्रिका लगेच कळवा. तुमची प्रगती पाहूनच पुढचं ठरतं. एखाद्या विषयात गुण घसरले असतील तर का घसरले ते आपण होऊन सांगा. शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी मार्गदर्शक देण्याची सोयही आहे. अकरावीत माझं रसायनशास्त्र मागे पडलं होतं, तेव्हा माझ्या मार्गदर्शक ताईंनी आठवड्याचं वेळापत्रक लावून दिलं आणि दर रविवारी फोन करून विचारलं.

९. देणगीदारांना पत्र

हे पत्र निवडीनंतरचं असलं तरी या लेखात मुद्दाम घेते आहे, कारण मला कुणीतरी ते शिकवायला हवं होतं असं वाटतं. पहिल्यांदा लिहायला बसलं की "आपले उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही" इथेच पेन अडकतं. भावना खरी असते, पण वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही दिसत नाही. त्यांनी पैसे एका मुलीच्या शिक्षणासाठी दिलेत, तर त्या मुलीचं शिक्षण कसं चाललंय ते त्यांना वाचायला आवडतं.

मी तीन गोष्टी लिहिते: पैसे कशाला गेले, अभ्यास कुठवर आला आणि पुढे काय करणार. अकरावीनंतर फाउंडेशनला लिहिलेल्या पत्रातला हा भाग:

"आदरणीय सर आणि मॅडम, सा. न. वि. वि. आपण दिलेल्या १०,००० रुपयांतून अकरावीची पुस्तकं आणि जर्नलं मिळून ३,१०० रुपयांची घेतली. प्रवेशाची फी १,८०० रुपये होती. गणवेश आणि चप्पल १,४०० रुपये. उरलेले ३,७०० बारावीच्या परीक्षेच्या आणि सीईटीच्या अर्जासाठी खात्यात ठेवले आहेत. गावातून जाण्या-येण्याला मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च आला नाही. मला गणितात चांगले गुण आहेत, रसायनशास्त्रात कमी आहेत. बारावीत ते वाढवण्यासाठी रोज पहाटे तासभर देते आहे. आपण केलेल्या मदतीमुळे बाबांना माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढावं लागलं नाही. मी आपली खूप आभारी आहे."

हिशेब लिहिला म्हणजे आपण कोरडे झालो, असं समजू नका. शेवटच्या दोन ओळींना वजन येतं ते वरच्या हिशेबामुळेच. पत्र स्वतःच्या हाताने, मराठीत लिहा. इंग्रजी हवं असेल तर शिक्षकांकडून तपासून घ्या, पण इंटरनेटवरचा ठरावीक मजकूर उतरवू नका. देणगीदारांचा पत्ता किंवा फोन शोधून थेट संपर्क करायचा नाही. पत्र संस्थेमार्फतच पाठवा. आणि पत्रात आणखी मदत मागू नका. खरंच अडचण आली तर फाउंडेशनला वेगळं कळवा.

या वर्षी माझं पहिलं पत्र त्या दांपत्याला गेलं. वसतिगृहाची फी, मेसचे पैसे आणि ड्रॉइंगच्या साहित्याची किंमत लिहिली, आणि पहिल्या सत्राचे विषयही. फाउंडेशनमार्फत त्यांचं उत्तर आलं. मेसचं जेवण कसं असतं आणि आई-बाबा बरे आहेत का, असं त्यांनी विचारलं होतं. ते मी आईला फोनवर वाचून दाखवलं आणि तिने मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

१०. गुण कमी पडले असतील तर

८५ टक्क्यांची अट मोठी आहे हे मला माहीत आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणार असाल तर के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची महिंद्रा ऑल इंडिया टॅलेंट स्कॉलरशिप बघा. ती डिप्लोमाच्या तीन वर्षांसाठी वर्षाला १०,००० रुपये देते. तिला ६० टक्के गुण चालतात आणि मुलींना तिथे प्राधान्य आहे. उत्पन्नाचा जो दाखला एप्रिलमध्ये काढलात, तोच इथेही उपयोगी पडेल.

पुण्यात शिकायला जाणार असाल आणि राहण्या-जेवणाचा प्रश्न असेल, तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांची चौकशी करा. १९५५ पासून ही संस्था ग्रामीण भागातल्या मुलांसाठी काम करते आहे आणि तीही लोकांच्या देणग्यांवर चालते.

आणि घरात लहान भावंड सातवी-आठवीत असेल, तर त्याच्या शाळेत एनएमएमएसबद्दल आत्ताच विचारा. ती केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा होते, निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून मुख्याध्यापकांना तारीख विचारून ठेवा. माझा भाऊ यंदा ती परीक्षा देतो आहे आणि त्याच्यासाठी दाखला काढायला बाबा परवा तलाठ्यांकडे जाऊन आले.